एकाच तालुक्याचे दोन संघ एका गटात नकोत, मग चिठ्ठ्या कशा टाकायच्या?

मोर्शी मंडळ: कबड्डीचे 12 संघ, 4 गट. ताकदीप्रमाणे चार-चार चिठ्ठ्यांचे 3 डबे केलेत. पहिल्या डब्यातून अ दर्यापूर, ब अचलपूर, क वरुड, ड अंजनगाव असे गेले. दुसऱ्या डब्यात दर्यापूरचाच दुसरा संघ आहे. चिठ्ठी निघाली की अ पासून पहिल्या रिकाम्या गटात टाकायची, नियम आडवा आला तर पुढच्या गटात. बरोबर आहे ना?

आकडेमोड: नाही. दर्यापूर-2 ची चिठ्ठी पहिली निघाली तर अ बंद, म्हणून ती ब मध्ये जाते. दुसरी निघाली तरी ब मध्येच जाते, कारण अ तोवर भरलेला असतो. तिसरी निघाली तर क, चौथी निघाली तर ड. म्हणजे अचलपूरच्या वाट्याला हा संघ येण्याची शक्यता 50 टक्के आणि वरुड, अंजनगावला 25-25. दर्यापूर-2 तगडा असेल तर अचलपूरवाले भांडायला येतील, आणि त्यांचं चूक नसेल.
दुसरी अडचण: दर्यापूर-1 ड गटात असता, तर चारातून एकदा दर्यापूर-2 ची चिठ्ठी शेवटी उरली असती आणि मोकळा गटही फक्त ड. म्हणून तिसरी चिठ्ठी टाकण्याआधीच डब्यात काय उरलंय ते पाहून तिला ड मध्ये ढकलावं लागतं.

तिवसेकर: काहून एवढी भानगड? बंधन असलेली चिठ्ठी आधी काढा. ब, क, ड अशा तीन चिठ्ठ्या वेगळ्या रिकाम्या डब्यात टाका, एक उचला. तिघांनाही सारखी संधी. बाकीचे तीन संघ नंतर.

मोर्शी मंडळ: आता अचलपूरचाही दुसरा संघ त्याच डब्यात आला आहे.

आकडेमोड: एक बंधन होतं तोवर तिवसेकरांचा उपाय चोख होता. दोन झाल्यावर चुकतो. चार संघ चार गटांत 24 प्रकारे बसतात. दर्यापूर-2 अ मध्ये नको आणि अचलपूर-2 ब मध्ये नको, तर 14 उरतात. त्यातल्या 6 मध्ये दर्यापूर-2 ब मध्ये येतो, क आणि ड मध्ये 4-4 वेळा. म्हणजे ब ची खरी शक्यता 43 टक्के, तुमच्या पद्धतीत 33.
सगळ्यात सरळ उपाय असा. चार ताटल्यांवर अ, ब, क, ड लिहा. चारही चिठ्ठ्या न उघडता एकेका ताटलीत ठेवा, मग उघडा. कुठंही नियम मोडला तर चारही परत डब्यात. सरासरी पावणेदोन खेपांत निकाल लागतो आणि 14 ही मांडण्यांना सारखी संधी मिळते. लोक चुकतात ते इथं: अ पासून उघडत जातात आणि नियम मोडणारी तेवढीच चिठ्ठी परत टाकून दुसरी काढतात. तसं केलं तर अचलपूर-2 अ मध्ये जाण्याची शक्यता 43 वरून 33 टक्क्यांवर येते.

धारणीचा पंच: आमच्याकडं व्हॉलीबॉलचे 11 संघ आहेत, बाद पद्धत. पहिल्या फेरीत पुढं चाल किती संघांना द्यायची?

आकडेमोड: 16 मधून 11 गेले, 5 संघांना. तिथं डब्यांचा प्रश्न येत नाही.

वर्धाकाठ: चारही चिठ्ठ्या परत टाकणं गावात चालणार नाही. 13 डिसेंबर 2021 ला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम 16 ची सोडत त्याच दिवशी पुन्हा काढावी लागली. अॅटलेटिकोसाठी चेंडू भरताना मँचेस्टर युनायटेडचा चेंडू चुकून बाहेर राहिला, आणि गटात त्यांच्याशी खेळलेल्या लिव्हरपूलचा आत गेला. यूएफानं संगणक प्रणालीवर बोट ठेवलं, तरी लोकांच्या मनातला संशय गेला नाही.
माझं तर म्हणणं, बंधनच नको. दर्यापूर-2 हा त्या डब्यातला सगळ्यात कच्चा संघ असेल, तर नियमानं दर्यापूर-1 ला तो कधीच मिळणार नाही, त्याला पक्काच संघ येईल. ही कसली बरोबरी?

आकडेमोड: ती चूक होती, इथं परत टाकणं हाच नियम आहे. सोडतीआधी फळ्यावर लिहा, चारही ताटल्या सगळ्यांसमोर उघडा. 2018 च्या विश्वचषकात एका गटात युरोपचे जास्तीत जास्त दोन आणि इतर खंडांचा एकच संघ, हे बंधन आधीच जाहीर होतं.
कच्च्या संघाचा मुद्दा मान्य. पण दोघं एका गटात आले आणि शेवटच्या सामन्यात एकाला फक्त गुण हवे असले, तर दुसरा सामना सोडेल.

वर्धाकाठ: मग त्या दोघांचा सामना गटात सगळ्यात आधी लावा. तेव्हा कोणाला किती गुण लागणार हे कोणालाच माहीत नसतं.

तिवसेकर: पहिल्याच दिवशी भाऊ-भाऊ लढले तर दर्यापूरचे पोट्टे पाहायला येतील, पण अर्ध्या प्रेक्षकांना कोणाच्या नावानं ओरडावं तेच कळणार नाही. मी तर दोन्ही संघ वेगळेच ठेवीन.

मोर्शी मंडळ: ताटल्या आणल्या. नियम फळ्यावर लिहितो. बंधन ठेवायचं की पहिला सामना लावायचा, ते उद्याच्या बैठकीत दर्यापूर आणि अचलपूरवाल्यांनाच विचारतो.