क्लेमच्या फोटोतून डबा पुसला, तर बिघडलं काय?

निळीशाई: माझ्या गाडीच्या मागच्या दाराला दुसऱ्या गाडीनं ठोकलं. फोटोत दारापुढे कचऱ्याचा डबा येत होता, तो फोनमधल्या इरेजरनं काढला आणि फोटो विम्याच्या क्लेमला जोडला. आता लेखी खुलासा मागितलाय. डेंट खरा आहे, मग यात फसवणूक कुठे आली?

पत्रेकाम: बरीच वर्षं अपघातातल्या गाड्यांचा सर्व्हे करतोय, म्हणून हे वाचून राहवलं नाही. डबा काढलात, त्याच्या जागी काय आलं? दाराचा खालचा पत्रा. तो कॅमेऱ्यानं पाहिलेलाच नाही, सॉफ्टवेअरनं आजूबाजूचं बघून रचलाय. आणि आम्ही आधी तोच भाग बघतो. डेंट जमिनीपासून किती उंचीवर आहे, ती उंची समोरच्या गाडीच्या बंपरशी जुळते का, ओरखडा कुठल्या दिशेनं गेलाय, दुसऱ्या रंगाचे कण चिकटलेत का, यावरून तुम्ही सांगता तसा अपघात घडू शकतो का हे ठरतं. फोटोत तिथे स्वच्छ पत्रा आणि गाडीवर ओरखडा निघाला, तर तो ओरखडा नंतरचा समजायचा का? डबा दाराला टेकलेला होता का, हेही आता कुणाला सांगता येणार नाही.

निळीशाई: टेकलेला नव्हता, चांगला हातभर लांब होता! मला चोर ठरवू नका.

पत्रेकाम: चोर म्हटलेलं नाही. हातभर लांब होता हे मूळ फोटोनं आपोआप दाखवलं असतं. तुमच्या बाजूचा पुरावा तुम्हीच पुसलात.

उचापती: हे EXIF वरून, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये आपोआप नोंदलेल्या माहितीवरून पकडतात. त्यातल्या `Software` रकान्यात पुष्कळदा एडिटरचं नाव उमटतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती निघून जाते, मग कळत नाही.

पत्रेकाम: माहिती जाते, हे खरं. पण मग आम्ही मूळ फाइल मागतो आणि ती देता आली नाही की संशय वाढतो. शिवाय EXIF बघायची वेळही पुष्कळदा येत नाही. डबा जातो, पण चकचकीत दारात त्याचं प्रतिबिंब राहतं, नाहीतर दुसऱ्या कोनातल्या फोटोत तो तसाच उभा असतो.

उचापती: नवीन टूल्स सावली आणि प्रतिबिंबसुद्धा काढतात.

पत्रेकाम: काढतात, मान्य. म्हणून तर फोटोपेक्षा मूळ फाइलवर भर असतो.

ओलभिंत: पण मूळ म्हणजे काय हो? रात्री फोन पाच-सात फ्रेम जोडून एक फोटो करतो, खरखर पुसतो, कडा धारदार करतो. फोननं केलं की मूळ आणि आम्ही केलं की गुन्हा? शेजाऱ्याच्या गळतीनं माझी भिंत भिजली, त्या दाव्यात समोरच्या वकिलानं तासभर हेच उकरलं. ओलीचा डाग अंधारात दिसत नव्हता म्हणून मी उजेड वाढवला होता, तर म्हणे डाग रंगवला!

पत्रेकाम: मग टिकला का फोटो?

ओलभिंत: टिकला. न बदललेली फाइल जपली होती. कुठली पट्टी किती सरकवली हे त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या, उजेड सगळ्या चित्राचा सारखाच वाढलेला दिसला. पण फक्त डागाभोवतीचा वाढवला असता तर मी हरलो असतो, हे कबूल करतो.

पत्रेकाम: हीच रेघ आहे. सगळ्या फोटोचा उजेड किंवा रंगछटा सारखी बदलणं, फोटो सरळ फिरवणं, पूर्ण फोटो सोबत देऊन जवळचा भाग कापून दाखवणं, प्रतीवर बाण काढणं, एवढं चालतं. एखादी वस्तू काढली, आणली किंवा हलवली की तो पुरावा राहत नाही.

ओलभिंत: माझा प्रश्न तसाच राहिला. झूम केल्यावर फोन भिंतीच्या भेगेला जी धार देतो, ती भेग किती खरी?

पत्रेकाम: त्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मी झूम टाळतो. जवळ जाऊन काढतो, शेजारी मोजपट्टी ठेवतो, मग लांबून पूर्ण भिंतीचा एक घेतो.

सायली_क: आमच्याकडे चोरी झाली, फोडलेल्या कपाटाच्या फोटोत माझी मुलगी आलीय. तिलाही काढायचं नाही?

पत्रेकाम: काढू नका. प्रतीवर चेहऱ्यावर सरळ काळी चौकट टाका, झाकलंय हे लिहा, मूळ फाइल जपा. चौकट लपवल्याचं उघड सांगते, इरेजर तिथे कुणी नव्हतंच असं सांगतो. पण पोलिसांनी मूळ मागितला तर द्यावा लागेल.

उचापती: एका डब्यासाठी क्लेम अडवतात, यांना निमित्तच हवं असतं. माझा तर एका सहीवरून दोन महिने रखडवला.

निळीशाई: सहीचा धागा वेगळा काढा. पत्रेकाम, डबा काढायला नको होता, ठीक. आता काय करू?

पत्रेकाम: गॅलरीत तो फोटो उघडून एडिट रद्द होतं का बघा, बऱ्याच फोनमध्ये होतं. मूळ मिळाला तर तो जोडा आणि डबा काढल्याचं स्पष्ट लिहा. दार अजून दुरुस्त केलं नसेल तर हात लावू नका, सर्व्हेअरला प्रत्यक्ष दाखवा.

निळीशाई: दार परवाच ठोकून घेतलं.