ट्रॅकिंग सिग्नल 4.7 आला, पण चुकीची टक्केवारी सहाच्या आत आहे. पद्धत बदलावी का?

द्वारका_स्पेअर्स

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नाशिकमध्ये आमचं दुचाकीच्या स्पेअर्सचं होलसेल दुकान आहे. सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या गॅरेजना माल जातो. ऑर्डर लावायचं काम माझ्याकडे आहे आणि अंदाजासाठी मागच्या तीन महिन्यांच्या विक्रीची सरासरी धरतो.

एका ब्रेक शूच्या सेटचे जानेवारी ते जूनचे अंदाज असे होते: 490, 500, 510, 510, 520, 530.
प्रत्यक्ष विक्री: 510, 530, 490, 540, 560, 580.

विक्रीतून अंदाज वजा केला की चुका येतात +20, +30, -20, +30, +40, +50. एक्सेलमध्ये त्या D कॉलममध्ये आहेत आणि सिग्नल असा काढला:

```
=SUM(D2:D7)/(SUMPRODUCT(ABS(D2:D7))/6)
```

बेरीज 150, चिन्ह सोडून सरासरी चूक 31.7, म्हणून सिग्नल 4.7. मेअखेर तो 3.6 होता. 4 च्या वर गेला की पद्धत तपासा, असं शिकलो होतो. पण काका म्हणतात, "अरे, शंभरात सहाचासुद्धा फरक पडत नाही, चांगलं चाललंय की! कशाला हात लावतोस?" टक्केवारी त्यांची बरोबर आहे, 5.8 येते. मग कोणाचं ऐकू?

सातपूर_क्यूसी

4 ओलांडला म्हणजे प्रोसेस हाताबाहेर गेली, आमच्या कंट्रोल चार्टवर 3 सिग्माच्या बाहेर बिंदू पडतो तसंच. पद्धत बदलाच. तीन महिने फार कमी आहेत, त्यामुळे आकडा नाचतो. बारा महिन्यांची सरासरी घ्या, स्थिर होईल.

अंबडचा_प्लॅनर

क्यूसी साहेब, तपासणी करायला हवी हे पटलं, पण बारा महिन्यांचं औषध इथे उलटं लागू पडेल.

आधी काकांचा मुद्दा. टक्केवारी फक्त चूक किती मोठी ते सांगते, कुठल्या बाजूला ते सांगत नाही. सहापैकी पाच महिने अंदाज कमी पडला आहे. एका महिन्यात 30 सेट कमी पडले तर जास्तीचा साठा ते झेलतो. दर महिन्याला त्याच बाजूला कमी पडत गेलं तर तो साठा हळूहळू खाल्ला जातो, आणि टक्केवारी मात्र शेवटपर्यंत छान दिसत राहते.

आता कारण. जुलैचा अंदाज तुम्ही एप्रिल, मे, जूनच्या सरासरीवरून धराल, म्हणजे 560. ही सरासरी खरं तर मे महिन्याची पातळी दाखवते, कारण त्या तिघांचा मध्य मे आहे. मे ते जुलै दोन महिने. तुमची विक्री जानेवारीच्या 510 वरून जूनच्या 580 वर गेली, म्हणजे महिन्याला साधारण 14 ची वाढ. दोन महिन्यांची वाढ 28. तुमची सरासरी चूक किती? 150 भागिले 6, म्हणजे 25. दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. म्हणजे विक्री चढती आहे आणि सरासरी तिच्या मागून चालते आहे, एवढाच हा बायस आहे. बारा महिन्यांची सरासरी घेतलीत तर ती साडेसहा महिने मागे राहील, आणि वाढ अशीच राहिली तर दर महिन्याला 90 च्या आसपास कमी पडाल.

जुलैसाठी मी 560 अधिक 28, म्हणजे 588 धरेन. कायमची सोय हवी असेल तर पातळी आणि वाढ दोन्ही सांभाळणारी होल्टची पद्धत लावा.

एक विचारतो, मार्चमध्ये काय झालं होतं? तेवढा एकच महिना उलटा का?

पिंपळगाव_पेटी

आमचा द्राक्षाच्या पुठ्ठा पेट्यांचा धंदा आहे. आमचा सिग्नल दर फेब्रुवारीत वर आणि मेमध्ये खाली मर्यादेबाहेर जातो. मीही महिन्याला ठरावीक वाढ मिळवून बघू का?

अंबडचा_प्लॅनर

पेटीवाले, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमची मागणी हंगामाची आहे, त्यात सरळ वाढ मिळवलीत तर हंगाम संपल्यावर गोदामात पेट्याच पेट्या राहतील. तुम्ही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. आणि शक्य असेल तर तुमच्या गिऱ्हाइकांची गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात झाली त्याची नोंद ठेवा. छाटणी पुढे गेली की काढणीही पुढे सरकते. सिग्नलला ते नंतर कळतं, तुम्हाला आधीच कळलेलं असतं. सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

द्वारका_स्पेअर्स

दादा, मार्चचं बरोबर पकडलंत! शेवटच्या आठवड्यात वरूनच माल आला नव्हता, रॅक रिकामा होता. फोन येत होते, पण बिल झालं नाही म्हणून नोंद नाही. आणि जानेवारीपासून आमच्या सेल्समनने येवल्याची नवी लाइन सुरू केली आहे, वाढ बहुतेक तिथूनच आहे.

अंबडचा_प्लॅनर

मग -20 ही चूक अंदाजाची नाहीच. तुम्ही विक्री मोजलीत, मागणी नाही. समजा मार्चची खरी मागणी 540 होती. पुढच्या सरासऱ्याही त्यामुळे वाढतील, तरी सहाही चुका अधिकच येतात. सगळ्या चुका एकाच चिन्हाच्या असल्या की सिग्नल थेट महिन्यांच्या संख्येइतका येतो: एप्रिलला 4, मेला 5, जूनला 6. म्हणजे जूनला वाजलेली घंटा मेमध्येच वाजली असती. रिकाम्या रॅकने पुरावाच पुसला. परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांसाठी काउंटरवर एक वही ठेवाच.

यातच एक मर्यादाही दिसते. तुमच्या या सूत्राने पहिल्या चार महिन्यांत सिग्नल 4 च्या वर जाऊच शकत नाही, अंदाज कितीही एकतर्फी असला तरी. म्हणून नव्या आयटमला मी चुकांची चिन्हंच बघतो.

येवल्याची बातमी महत्त्वाची आहे. नवी गॅरेजं जोडली जाताहेत तोवर वाढ खरी. ती थांबली की विक्री सपाट होईल आणि वाढ धरणारी पद्धत जास्त माल मागवत राहील. तेव्हा सिग्नल उणेकडे जाईल. तो लवकर दिसायला हवा असेल तर पद्धत बदलताना चुकांची बेरीज शून्यावर आणा, नाहीतर जुने +150 त्याला झाकून ठेवतील. सरासरी चूकही नव्याने मोजायला लागा.

सातपूर_क्यूसी

बारा महिन्यांचं मागे घेतो, मागे राहण्याचा हिशोब पटला. पण 4 ची मर्यादा 3 सिग्माइतकीच कडक आहे ना? सरासरी चुकीच्या सव्वापट म्हणजे एक सिग्मा, मग 4 म्हणजे 3.2 सिग्मा.

अंबडचा_प्लॅनर

एकट्या चुकीसाठी हिशोब बरोबर आहे. पण इथे बेरीज साठत जाते, आणि स्वतंत्र चुकांची बेरीज जितके महिने जातील तितकी जास्त भरकटते. वर्षभर न पुसलेली बेरीज नुसत्या योगायोगानेही 4 पार करू शकते. म्हणून मी 4 आला की कारण शोधतो, कारण सापडलं तरच पद्धत बदलतो. जास्त खपाच्या आयटमला 4 ठेवतो, किरकोळ नट-बोल्टला 6 चालतात. आमच्याच ऑफिसात काही जण सगळ्याला सरसकट 5 लावतात, त्यावर आमचं एकमत नाही.

द्वारका_स्पेअर्स

काकांना पाच अधिकची चिन्हं दाखवली, 588 ला तयार झाले. वही आजपासून सुरू. आता अडलंय ते येवल्यावर. सेल्समन म्हणतो अजून आठ-दहा गॅरेजं बाकी आहेत, म्हणजे वाढ फार तर दिवाळीपर्यंत. अशा वेळी होल्ट लावायचं, की तोवर दर महिन्याला हातानेच 28 मिळवायचे? अशी संपणारी वाढ कुणी हाताळली असेल तर सांगा.