बासष्ट टक्के सूट आणि चॅनलवाल्यांचं कमिशन

सुदामानगरची काकू: मोबाइलवर ऑनलाइन खरेदीच्या डील टाकणाऱ्या चॅनलवाल्यांना साइटकडून कमिशन मिळतं म्हणे! म्हणजे आपल्याच खिशातून ना? सगळे चोर. मी ग्रुप सोडला.

चॅनलवाला: काकू, चोर म्हणालात म्हणून लिहितोय. लिंकच्या शेपटाला `tag=` असतं, त्यावरून साइटला कळतं की गिऱ्हाईक कोणी धाडलं. तुम्ही थेट गेलात तरी भाव तोच, आणि माल परत केलात तर मला भोपळा. खरी लबाडी वेगळीच. दिवाळीत एक मिक्सर आला होता, एमआरपी ७,९९९, सेलमध्ये २,९९९, '६२ टक्के सूट'. मी किमतीचा आलेख उघडला. चार महिने तो २,८०० ते ३,१०० मध्येच फिरत होता. सेलच्या दहा दिवस आधी ३,८९९ वर चढवला, मग 'उतरवला'. मी तो टाकला नाही. बाकी तीन चॅनलांवर 'लूट लूट' म्हणून झळकला.

राजवाड्याचा भाऊ: एवढी एमआरपी छापणं गुन्हा आहे. ग्राहक मंचात खेचा सरळ.

चॅनलवाला: भाऊ, गुन्हा आहे तो एमआरपीच्या वर पैसे घेणं. मिक्सरवर किती छापायची ते कंपनीच ठरवते. हां, फसव्या सवलतीच्या जाहिरातीची तक्रार करता येते, तेवढं तुमचं बरोबर. म्हणून मी टक्के बघतच नाही, तीन महिन्यांतला सगळ्यात कमी भाव बघतो. त्यातही गोम आहे. कार्डाची सूट आणि कूपन आलेखात बहुधा दिसत नाहीत, म्हणून कधी खरी डीलही हुकते.

जेल रोडवाला: आणि आम्हा दुकानदारांचं काय? काल एक जोडपं आलं, मिक्सर लावून आवाज ऐकला, जार उलटसुलट पाहिलं, मॉडेल नंबरचा फोटो काढला आणि निघालं. माझं वीजबिल तुझं चॅनल भरतं का?

सुदामानगरची काकू: पक्कं बिल मागितलं की तोंड वाकडं करता तुम्ही! गेल्या वर्षी एका दुकानातून इस्त्री घेतली, वॉरंटी कार्डावर शिक्काच नाही. तिसऱ्या महिन्यात बंद पडली. 'कंपनीला विचारा' म्हणाला.

जेल रोडवाला: एकाने केलं म्हणून सगळा बाजार तसा? मघाशी चॅनलवाले सगळे चोर, आता आम्ही. वा!

मल्हारगंजकर: इस्त्री राहू दे. चॅनलवाल्या दादा, लिंक दाबून मिक्सर घेतला नाही, पण त्याच दिवशी तिथून बूट घेतले, तरी तुझे पैसे होतात ना?

चॅनलवाला: बऱ्याच साइटवर होतात. साधारण २४ तासांत काहीही घेतलं तरी.

मल्हारगंजकर: मग एवढा साधुसंत असशील तर दर डीलखाली 'मला कमिशन मिळतं' असं लिहितोस का? २०२३ पासून सरकारचं सांगणं आहे की असा संबंध ठळक दाखवावा.

चॅनलवाला: चॅनलच्या माहितीत लिहिलंय.

मल्हारगंजकर: तिथे काय तुझी मावशी वाचायला जाते?

चॅनलवाला: बरं बाबा, जिंकलास. उद्यापासून डीलखालीच लिहितो. लोक पळाले तर तुझ्या घरी पोहे खायला येतो.

सुदामानगरची काकू: तो आलेख कुठे बघायचा ते सांग आधी. ग्रुपात नंतर येते. येईनच असं नाही.

जेल रोडवाला: बघा बघा आलेख. जारचं रबर गेलं की याल माझ्याकडेच.