मदत हवी आहे: 'पाथेय'च्या कथेतलं वळण जमत नाही

चौथी-पाचवीच्या मुलांसाठी सुमारे ९०० शब्दांची कथा आहे. नायकाचं नाव पाथेय, म्हणजे वाटेत खायला बरोबर घेतलेली शिदोरी. वर्गात त्याला 'पातेलं' म्हणतात. उच्चार इतका जवळचा आहे की चिडवणं ओढूनताणून वाटत नाही, तो भाग जमलाय.

अडतंय ते पुढे, त्याचं आपल्या नावावर प्रेम जडतं त्या वळणावर. पहिल्या खर्ड्यात बाई नावाचा अर्थ सांगतात आणि वर्ग गप्प होतो. तिथे कथा मेली, कारण मुलाने स्वतः काहीच केलं नाही, आणि मोठ्यांनी दटावल्यावर चिडवणं थांबतं हे मुलांना पटतही नाही. दुसऱ्या खर्ड्यात सहलीत डबा विसरलेल्या चिडवणाऱ्याला तो आपली शिदोरी देतो. अर्थ कृतीत आला, पण आता नावाची किंमत त्या मुलाच्या भुकेवर ठरते. शिवाय योगायोग फार सोयीचा झाला.

तिसरी वाट अशी: उलट चिडवायला काहीतरी सापडेल म्हणून तो शब्दकोशात 'पातेले' शोधतो. वर्णक्रमात 'त'नंतर 'थ', त्यामुळे थोडंच पुढे त्याला 'पाथेय' दिसतो. मग पथ, पथिक अशी शब्दांची भावंडं सापडत जातात. चिडवणं चालूच राहतं, फक्त तो हाकेला वळत नाही.

हा शोध कथेत कुठे ठेवावा? मध्यावर ठेवला तर उरलेल्या ४०० शब्दांत ताण कशाचा? शेवटी ठेवला तर नावावर प्रेम जडायला जागाच उरत नाही. बालकथा लिहिणाऱ्यांनी कृपया सुचवा.