टॅगचा आकडा मेमोत टाकला, एक्सआरपी अडकले. सपोर्टला मेल कसा लिहू?

रानजाई
माझ्या वॉलेटमधून एक्स्चेंजला 240.5 एक्सआरपी पाठवले. एक्स्चेंजने दिलेला टॅगचा आकडा घाईत मेमोच्या रकान्यात टाकला, टॅगचा रकाना रिकामाच राहिला. एक्सप्लोररवर `tesSUCCESS` दिसतंय, पण खात्यात काहीच जमा नाही. तीन दिवस झाले. मी असा मेल पाठवला होता:

"नमस्कार, परवा मी साधारण 240 एक्सआरपी पाठवले, अजून जमा झाले नाहीत. स्क्रीनशॉट जोडला आहे. लवकर बघा."

उत्तर आलं, 'नेटवर्कची पुष्टी होईपर्यंत थांबा.' माझं काय चुकलं?

धुकं
माझंही असंच झालं होतं. बिटकॉइन पाठवताना फी कमी ठेवली आणि दोन दिवस लटकला. वॉलेटमधून फी वाढवल्यावर सुटला. तुम्हीही फी वाढवून बघा.

खातेवही
धुकं, तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये गेलाच नव्हता, म्हणून फी वाढवून काम झालं. रानजाईंचा व्यवहार लेजरवर काही सेकंदांतच पक्का झालाय, आता तो बदलत नाही. पैसे एक्स्चेंजच्या पत्त्यावर पोचलेत. पण तो पत्ता सगळ्या ग्राहकांचा एकच असतो, आणि कुणाची जमा हे टॅगवरूनच कळतं.

रानजाई, सपोर्टवाला आधी व्यवहाराचा हॅश टाकून शोधतो. तुमच्या मेलमध्ये हॅश नव्हताच, आणि स्क्रीनशॉटमधला कॉपी करता येत नाही. 'साधारण 240' लेजरवरच्या आकड्याशी जुळत नाही. 'परवा' म्हणजे कुठल्या घड्याळाप्रमाणे, तेही त्याला कळत नाही. मोबाईल स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून वेळ एक्सप्लोररवरून UTC मध्येच घ्या. नवीन टिकेट काढू नका, जुन्यालाच उत्तर द्या. मी असं लिहिलं असतं:

"विषय: टॅगशिवाय आलेली जमा, 240.5 XRP

नेटवर्कची पुष्टी झालेली आहे, निकाल `tesSUCCESS`. अडचण टॅगची आहे.

हॅश: 7C1E…A90F
रक्कम: 240.5 XRP
लेजरवरची वेळ: 14 मार्च 2025, 08:42:31 UTC
पाठवणारा पत्ता: rH4k…, हे माझं स्वतःचं वॉलेट आहे
तुमचा पत्ता: rN7x…
माझ्या खात्याचा टॅग: 104872316
पहिला मेल: 16 मार्च 2025, 11:05 UTC

टॅगचा आकडा मी चुकून मेमोत टाकला. तो त्याच व्यवहाराच्या `Memos` मध्ये दिसेल. रक्कम माझ्या खात्यात जमा करावी. मालकी पटवायला आणखी काय लागेल ते कळवावं."

मेलमध्ये हॅश आणि पत्ते पूर्ण द्या, हॅशची 64 अक्षरं असतात. इथे मात्र पूर्ण टाकू नका, त्यावरून तुमच्या वॉलेटची शिल्लक आणि व्यवहार कुणालाही बघता येतात.

पाणपोई
मेमो आणि टॅग एकच ना? मी नेहमी मेमोच टाकतो, कधी अडलं नाही.

खातेवही
तुम्ही बहुतेक स्टेलरवर पाठवता, तिथे मेमोच चालतो. एक्सआरपीच्या लेजरवर दोन वेगळे रकाने आहेत, आणि एक्स्चेंजची यंत्रणा `DestinationTag` वाचते. पत्त्यावर टॅग सक्तीचा केलेला असता, तर हा व्यवहार `tecDST_TAG_NEEDED` म्हणून फसला असता आणि रक्कम वॉलेटमध्येच राहिली असती, फक्त फी गेली असती.

पण रानजाई, तो मेमो तुमच्या कामाचा आहे. पैसे पाठवतानाच तुमचा टॅग लेजरवर लिहिला गेलाय, तो नंतर कुणी घालू शकत नाही. एक्सप्लोररवर कच्चा व्यवहार उघडा. मेमो हेक्समध्ये असतो, म्हणून 104872316 असा दिसेल:

```
313034383732333136
```

प्रत्येक अंकाआधी एक 3 आहे. सपोर्टवाल्याला हे मेलमध्येच दाखवून द्या.

रानजाई
अगदी असंच दिसतंय! मेल पाठवला. आता ते म्हणतात, त्याच वॉलेटमधून योग्य टॅग घालून 1 एक्सआरपी पाठवा. पाठवू का? शिवाय इथल्याच कुणीतरी खाजगी निरोप पाठवून वॉलेटचे गुप्त शब्द मागितलेत, म्हणे पैसे सोडवून देतो.

खातेवही
ते शब्द मागणारा चोरच. त्याला उत्तर देऊ नका, तक्रार करा.

1 एक्सआरपीची मागणी रास्त आहे, वॉलेट तुमच्या ताब्यात आहे हे त्यातून कळतं. फक्त पत्ता आणि टॅग मेलमधून घेऊ नका, खात्यात शिरून डिपॉझिटच्या पानावरून घ्या. तिथे किमान जमा किती लिहिलीय तेही बघा, त्याहून कमी पाठवलंत तर हेही अडकेल.

रानजाई
1 एक्सआरपी चार मिनिटांत जमा झाला. अडकलेल्या 240.5 साठी वसुली शुल्क लागेल म्हणतात, आकडा सांगितलेला नाही.

पाणपोई
हो म्हणण्याआधी तो आकडा लेखी मागा. माझ्या ओळखीतल्या एकाची अडकलेली रक्कम शुल्कापेक्षा लहान निघाली, त्याने सोडून दिली.