पाककृतीचं कार्ड करताना परिच्छेदातलं काय निसटतं?

निशिगंधा
परिच्छेदात लिहिलेली पाककृती तशीच ठेवावी, की साहित्याची यादी आणि क्रमांकित कृती असं कार्ड करावं? माझ्याकडचा केळ्याच्या केकचा मजकूर असा आहे:

"११५ ग्रॅम मऊ बटर आणि १५० ग्रॅम साखर, त्यातली दोन मोठे चमचे वरून भुरभुरायला ठेवून, फिकट आणि हलकं होईपर्यंत फेटा. दोन अंडी एकेक करून घाला. तीन पिकलेली केळी कुस्करून मिसळा. १९० ग्रॅम मैदा, एक छोटा चमचा खायचा सोडा आणि पाव चमचा मीठ चाळून घाला आणि हलक्या हाताने जेमतेम मिसळा. भाजून चिरलेले मूठभर अक्रोड घाला. मिश्रण कागद लावलेल्या लोफ टिनमध्ये ओतून, आधीच १७५ अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये, काडी स्वच्छ निघेपर्यंत ५० ते ६० मिनिटं भाजा."

मैत्रिणीने याचं सहा पायऱ्यांचं कार्ड केलं. चौथी पायरी अक्रोड, पाचवी "ओव्हन १७५ अंशांवर तापवा", सहावी "५० मिनिटं भाजा". तिचा केक नीट चढला नाही आणि मधे चिकट राहिला. मी परिच्छेदावरून करते तो कायम चांगला होतो. माझं मत, कार्डाच्या भानगडीत पडूच नये.

भट्टीवाला
दोष कार्डाचा नाही, पाचव्या पायरीच्या जागेचा आहे. मजकुरात "आधीच तापवलेल्या" हे शब्द शेवटच्या वाक्यात आले, म्हणून त्यांनी ते शेवटी टाकलं. वाक्यात एखादी गोष्ट कुठे येते आणि ती हाताने कधी करायची, या दोन वेगळ्या बाबी आहेत. कार्ड करणाऱ्याचं खरं काम दुसरा क्रम शोधायचं.

इथे तर तो क्रम चुकला की केकच बिघडतो. खायचा सोडा ओल्या, आंबटसर केळ्यात मिसळला की लगेच वायू सुटायला लागतो. घरगुती ओव्हन तापायला दहा-वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ मिश्रण ओट्यावर बसलं तर बराच वायू उडून जातो आणि भट्टीत चढायला फारसं काही उरत नाही. म्हणून ओव्हन तापवणं आणि टिनला कागद लावणं या दोन्ही गोष्टी पहिल्या पायरीत हव्यात.

मी मजकूर हातात घेतला की आधी फक्त "झालेली" कामं शोधतो: मऊ बटर, पिकलेली केळी, भाजून चिरलेले अक्रोड, कागद लावलेला टिन, तापवलेला ओव्हन. अशा प्रत्येक शब्दामागे एक काम दडलेलं असतं आणि ते कोणीतरी आधी केलेलं असावं लागतं. मग प्रत्येकाला विचारायचं, हे यादीत जाईल की कृतीत? बटर मऊ व्हायला वेळ लागतो आणि त्यात हाताचं काम काही नाही, म्हणून ते यादीत: "बटर ११५ ग्रॅम, तासभर आधी बाहेर काढून मऊ केलेलं". अक्रोड भाजणं हे काम आहे, त्याची वेगळी पायरी करायची, आणि तीही आधी. ओव्हन तापलेलाच आहे, त्यातच भाजता येतात.

सुमेध
म्हणजे तुम्हीच मान्य करताय की परिच्छेदात सगळं होतं. निशिगंधाताई तो अख्खा वाचतात, मग कामाला लागतात. कार्ड असलं की माणूस पहिली पायरी वाचतो, करतो, मग दुसरी. पुढे काय येतंय हे त्याला ठाऊकच नसतं. हा दोष कार्डाच्या स्वभावातच आहे.

आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांचं काय? रस्सा उकळत असताना भाज्या चिरणं, पीठ भिजत असताना सारण करणं. परिच्छेदात "तोवर" या एका शब्दात ते मावतं. आकडे घातले की ३ संपल्यावरच ४ करायचं, असं वाटतं. साहित्य सुरुवातीलाच हवं हाही काही निसर्गनियम नाही. इंग्लंडमध्ये इलायझा ॲक्टन यांनी १८४५ मध्ये प्रमाणं वेगळी काढून दिली, पण पाककृतीच्या शेवटी. आधी कृती समजून घ्या, मग जिन्नस मोजा. मला तो क्रम जास्त पटतो.

रेघोटी
सुमेध, "तोवर" हा शब्द पायरीतही लिहिता येतो की. मुद्दा साधा आहे: एका पायरीत एकच क्रिया, आणि प्रमाण फक्त यादीत. कृतीत आकडा अजिबात नको, म्हणजे गोंधळ होत नाही. या केकच्या सरळ पंधरा-सोळा पायऱ्या करा. बटर फेटा. साखर घाला. एक अंडं घाला. दुसरं अंडं घाला. कोणीही चुकणार नाही.

भट्टीवाला
रेघोटी, "तोवर"चं बरोबर आहे, पण पंधरा पायऱ्या नकोत. हात पिठात असताना नजर परत कार्डावर जाते तेव्हा आपली जागा सापडायला हवी. पंधरा सारख्या ओळींत ती सापडत नाही. मी पायरी तिथे तोडतो जिथे भांडं बदलतं, किंवा जिथे थांबून काहीतरी पाहायचं असतं. बटर आणि साखर "फिकट आणि हलकं" झालंय का हे पाहायचं, तिथे एक पायरी संपली. अंडी आणि केळी मिळून एक. मैदा घालून थांबायचं कुठे, ते वेगळं.

आणि "प्रमाण फक्त यादीत" इथेच फसतं. साखर बघा. यादीत १५० ग्रॅम, पण फेटायची सगळी नाही. तुमच्या नियमाने पहिल्याच फेटण्यात १५० ग्रॅम गेली, वरून भुरभुरायला काही उरलं नाही. एखादा जिन्नस दोनदा लागत असेल तर यादीत तो एकदाच, पूर्ण प्रमाणात आणि "विभागून" असं लिहून. कृतीत मात्र प्रत्येक वेळी किती ते सांगायचं. तुमच्या मजकुराचं मी असं करेन:

साहित्य (वापराच्या क्रमाने)
अक्रोड, मूठभर
बटर ११५ ग्रॅम, मऊ केलेलं
साखर १५० ग्रॅम, विभागून
अंडी २
पिकलेली केळी ३, कुस्करून
मैदा १९० ग्रॅम
खायचा सोडा १ छोटा चमचा
मीठ पाव छोटा चमचा

कृती
१. ओव्हन १७५ अंश सेल्सियसवर तापत ठेवा. लोफ टिनला कागद लावा. ओव्हन तापला की अक्रोड भाजून घ्या, गार झाल्यावर चिरा.
२. साखरेतली २ मोठे चमचे बाजूला काढा. उरलेली साखर आणि बटर फिकट, हलकं होईपर्यंत फेटा.
३. अंडी एकेक करून घाला, मग केळी मिसळा.
४. मैदा, सोडा, मीठ एकत्र चाळून घाला. हलक्या हाताने मिसळा; कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. अक्रोड घाला.
५. लगेच टिनमध्ये ओता, बाजूला काढलेली साखर भुरभुरा आणि ५० ते ६० मिनिटं भाजा. मध्यभागी घातलेली काडी स्वच्छ निघाली की झाला.

"कोरडं पीठ दिसेनासं झालं की" हे शब्द माझे आहेत. मूळ मजकुरात फक्त "जेमतेम" आहे. "सेल्सियस" आणि पाचव्या पायरीतलं "लगेच" हेही मी घातलंय. अशी भर कार्डावर पेन्सिलीने वेगळी दाखवावी असं माझं ठाम मत आहे, नाहीतर चार हातांतून गेल्यावर मूळ कोणतं आणि अंदाज कोणता हे कळत नाही. शेवटी एक उलटतपासणी: कृती वाचत यादीतल्या जिनसांवर खूण करत जायचं. यादीत काही खुणेवाचून राहिलं, किंवा कृतीत यादीबाहेरचं काही निघालं, तर कार्ड अजून तयार नाही.

पानोपान
मला पण हाच प्रश्न पडलाय! माझी कार्डं तेलाचे हात लागून खराब होतात. प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू की लॅमिनेट करू? आणि अक्षर केवढं ठेवायचं?

रेघोटी
पानोपान, इथे कार्डावर लिहायचं काय याची चर्चा चालू आहे. पण पाकीट घ्या. लॅमिनेट केलं की दुरुस्ती करता येत नाही.

कानसूर
मला बारीक अक्षर दिसत नाही, मी फोनकडून पाककृती वाचून घेत स्वयंपाक करते. सुमेध यांचा परिच्छेद माझ्यासाठी अशक्य आहे. एक वाक्य चुकलं तर सगळं पुन्हा ऐकावं लागतं. क्रमांक असले की "पायरी ४" परत ऐकता येते. पण भट्टीवाले, तुमच्या कार्डातही माझी अडचण आहेच. "मैदा, सोडा, मीठ चाळून घाला" ऐकलं की मी किती म्हणून पुन्हा यादीकडे जाते. मला प्रत्येक पायरीत प्रमाण हवं. "१९० ग्रॅम मैदा, १ छोटा चमचा सोडा", असं.

भट्टीवाला
तुमचं म्हणणं मला पटतं, आणि तरी मी कचरतो. कारण अर्धं प्रमाण करणारे लोक. यादीत ते आकडे निम्मे करतात, कृतीत पूर्ण आकडा दिसला की सवयीने तोच घालतात. अर्ध्या केकमध्ये अख्खा चमचा सोडा गेला तर साबणासारखी चव येते. प्रमाण दोन ठिकाणी असलं की दोन्ही ठिकाणी बदलावं लागतं.

कानसूर
मग अर्ध्या प्रमाणाचं वेगळं कार्ड करा. ते एकदाच करायचं असतं. मला दर वेळी मागे जावं लागतं.

सुमेध
कार्डात "फिकट आणि हलकं", "काडी स्वच्छ निघाली की" हे शब्द राहिले, याचं मला बरं वाटलं. माझा राग त्या कार्डांवर आहे ज्यांत फक्त "५० मिनिटं भाजा" उरतं. निशिगंधाताईंच्या मैत्रिणीच्या कार्डात नेमकं तेच झालंय: ६० गेलं, काडी गेली, ५० राहिलं. केक मधे चिकट राहण्याचं कारण तिथेही असू शकतं.

पण "तीन केळी"चं काय? भट्टीवाल्यांनी मैदा ग्रॅममध्ये आणि केळी नगात ठेवलीत. सोललेली तीन लहान केळी आणि तीन मोठी केळी यांच्या वजनात मोठा फरक पडतो, आणि बरंचसं पाणी तर त्यातच. यादी नीटस दिसते म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की सगळं मोजलेलं आहे. परिच्छेद निदान तसा दावा करत नाही.

भट्टीवाला
हा आक्षेप खरा आहे. पण मूळ मजकुरात वजन नाही, आणि मी मनाने "३३० ग्रॅम" लिहिलं तर ती लबाडी होईल. मूठभर अक्रोड मी तसेच ठेवले, कारण त्यात थोडं कमीजास्त झाल्याने केक बिघडत नाही. केळ्यांनी बिघडतो. केळी जास्त झाली तर केक ओलसर होतो आणि तळाशी रबरासारखा थर राहतो. सोड्याचा वायू उडाला तर केक सगळीकडूनच बुटका आणि घट्ट होतो. निशिगंधाताई, मैत्रिणीला विचारून सांगाल का? बुटका होता, की चढून मधे खचला? आणि पुढच्या वेळी कुस्करलेली केळी घालण्याआधी काट्यावर ठेवा. केक चांगला झाला तर तो आकडा तुमच्या हातचा, तो कार्डावर बिनधास्त लिहा.

निशिगंधा
विचारलं. म्हणते, चढलाच नाही, सगळीकडून सपाट होता, आणि काडी घालून बघितलीच नाही. केळी किती मोठी होती ते तिला आठवत नाही. मी रविवारी करणार आहे, तेव्हा केळी मोजते. कार्डही करते, पण परिच्छेद मागच्या बाजूला लिहून ठेवणार आहे.

कानसूर
आणि पायऱ्यांत प्रमाण?

निशिगंधा
साखरेचं लिहिणार. बाकीचं अजून ठरत नाहीये.