‘जमेल तेवढं द्या’ नोंदणी: खुर्च्या आणि वडे कशावरून मोजायचे?

मुलुंडकर: आमच्या मंडळाचं व्याख्यान रविवारी संध्याकाळी पाचला दादरमध्ये आहे. नोंदणीत ‘जमेल तेवढं द्या’ ठेवलं होतं. हॉल १२० खुर्च्यांचा आणि नावं आली १५०. त्यातल्या ६० जणांनी शून्य भरलंय, ९० जणांनी २० रुपयांपासून पुढे. एकूण १४,५०० जमलेत. नोंदणी बंद करू का? आणि केटररला आकडा किती सांगू?

शिस्तप्रिय: किमान ५० रुपये ठेवायला हवे होते. खिशातून काहीच गेलं नसेल तर पावसाची सर आली की माणूस घरीच बसतो. शून्यवाल्यांना मोजूच नका. खुर्च्या ९०, वडे ९०, विषय संपला.

गिरगावची वाचक: दादा, मी प्रत्येक वेळी शून्यच भरते, कारण मला मोबाइलवरून पैसे पाठवता येत नाहीत. दारातल्या पेटीत रोख टाकते आणि पहिल्या तीन रांगांत बसते. मला न मोजता कसं चालेल?

हिशेबनीस: मुलुंडकर, मागच्या व्याख्यानाला कोण किती आले, याची नोंद आहे का?

मुलुंडकर: आहे. शून्यवाले ५० पैकी २५ आले, पैसे भरलेले ४० पैकी ३४.

हिशेबनीस: मग शिस्तप्रिय यांचं निम्मं बरोबर आहे. शून्यवाले कमी येतात, पण निम्मे येतातच. त्याच हिशेबाने ६० पैकी ३० आणि ९० पैकी साधारण ७६, म्हणजे १०६. पण एकाच कार्यक्रमावरून काढलेलं प्रमाण कच्चं असतं, म्हणून मी ९० ते १२० धरून चालेन. नोंदणी आता बंद करा, वरची टोकाची संख्याच हॉलभर आहे.

वड्यांचा एकच आकडा देऊ नका. केटररला सांगा, ९० पक्के आणि आणखी ३० वड्यांचं सारण नि पीठ तयार ठेवा, तळायचे नंतर. व्याख्यान सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी डोकी मोजा आणि त्याला फोन करा. चहापान शेवटी असेल तरच हे जमतं. आधी ठेवलंत तर १२० चीच ऑर्डर द्यावी लागेल. सारण उरलं तर त्याचे थोडे पैसे द्यावे लागतील, ते आधीच ठरवून घ्या.

सोसायटीवाला: आमच्या कोजागिरीला एका नावावर चार माणसं येतात. दूध दरवर्षी कमी पडतं. तुम्ही नावं मोजताय की माणसं?

मुलुंडकर: हे विचारायचं राहिलंच. फॉर्ममध्ये एकच नाव घेतलंय.

हिशेबनीस: शनिवारी सगळ्यांना व्हॉट्सॲपवर विचारा, ‘किती जण येणार?’ ज्यांचं उत्तर येईल त्यांचा आकडा तोच धरा, उरलेल्यांना जुनं प्रमाण लावा.

आशावादी: १४,५०० भागिले १५० म्हणजे माणशी जवळजवळ ९७ रुपये. मग वडा-चहासोबत शिराही ठेवा की! लोकांनी दिलेले पैसे लोकांसाठीच वापरले जावेत.

हिशेबनीस: हा भागाकार फसवा आहे. मुलुंडकर, सगळ्यात मोठी देणगी केवढी? आणि खर्च?

मुलुंडकर: एका काकांनी ५,००० दिलेत. हॉल ६,०००, वक्त्यांचा प्रवास १,५००. वडा-चहा माणशी ३५.

हिशेबनीस: हॉल आणि प्रवास मिळून ७,५००. माणसं ५० आली काय नि १२० आली काय, हे द्यायचेच. १०६ जणांचा वडा-चहा ३,७१०. एकूण ११,२१०. त्या काकांचे पैसे बाजूला काढले तर जमा ९,५०० राहते, म्हणजे १,७१० कमी. असे काका पुढच्या वेळीही भेटतील असं धरून शिरा सुरू करू नका.

आणि नव्याने येणाऱ्या माणसामागे ९७ रुपये येत नाहीत, कधी शून्य येतात, कधी २०. त्याचा खर्च मात्र ठरलेला, ३५. खुर्चीचं भाडं वाढत नाही. म्हणून खाणं डोक्यांवर ठरवा, जमलेल्या रकमेवर नाही.

शिस्तप्रिय: हे पटलं. पण १३० आले तर? पैसे भरलेल्याला उभं ठेवणार का? पाच वाजेपर्यंत त्यांच्या खुर्च्या राखून ठेवा.

गिरगावची वाचक: मग ‘जमेल तेवढं’ याला अर्थ काय उरला? ज्याला जमत नाही त्याने मागे उभं राहायचं? आधी येईल तो बसेल, एवढंच ठेवा. दारावर कुणी किती दिले ते स्वयंसेवकाला दिसताच कामा नये. यादीतून रकमेचा रकाना काढून टाका.

शिस्तप्रिय: रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला तर ठाण्याहून पैसे भरून निघालेला माणूस उशिरा पोहोचतो. त्याची काय चूक?

मुलुंडकर: रकाना काढतोय. उशिरा येणाऱ्यांना शनिवारच्या मेसेजमध्येच विचारतो. खुर्च्या राखायच्या की नाही, यावर मंडळात अजून एकमत नाही. नोंदणी मात्र आत्ता बंद केली.